डबा खणात, आकडा रिपोर्टात

वाचकाचं पत्र

मी 34 वर्षांचा, सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाला आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात खुर्चीत. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी मी आणि माझा आतेभाऊ महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला गेलो. तो 36 चा, पुण्यात कंपनीत, तोही खुर्चीतलाच. पण आठवड्यातून चार दिवस जिमला जातो. किर्लोस्करवाडी सुटली, मी भडंगाची पुडी सोडली आणि त्याने पिशवीतून क्रिएटिनचा डबा काढला. तिथून जो वाद लागला तो मनमाडपर्यंत. दादा म्हणाला, "तुझ्यासारख्या शाकाहारी माणसालाच हे आधी लागतं. दुपारची मरगळ जाईल, डोकं चालेल. आमच्या ऑफिसातल्या एकाचं तर व्यायाम न करता आठवड्यात मसल वाढलं, मशीनवर दिसलं." मी म्हणालो, "बसून काम करणाऱ्याला पैलवानाचा खुराक कशाला? आणि हे मांसातून काढतात म्हणे." मग मनमाडच्या पुढे तोच हळू आवाजात बोलला, की कंपनीच्या तपासणीत त्याचं क्रिएटिनिन 1.4 आणि ईजीएफआर 67 आलाय. आत्याने किडनी गेली म्हणून रडून घर डोक्यावर घेतलंय. उतरताना डबा त्याने मलाच देऊन टाकला. आता तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. घेऊ का? आणि दादाचं काय?

— एक वाचक, सांगली

उत्तर

आधी दादांचं बघू. डबा महिनाभर खणात पडून राहिला तरी काही अडत नाही. रिपोर्टाकडे मात्र बघायलाच हवं, रडारड न करता आणि हसण्यावारी न नेताही.

निम्मा घोळ नावातच आहे. क्रिएटिन हा स्नायूंतला साठा आणि क्रिएटिनिन हा त्याचा कचरा. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, जवळजवळ सगळं स्नायूंत. त्यातलं दोनेक ग्रॅम रोज आपोआप मोडतं, त्याचं क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात हा कचरा किती साचलाय यावरून किडनी किती जोरात चालली आहे याचा अंदाज बांधतात. अंदाजच तो. ईजीएफआर म्हणजे हाच अंदाज, तो कोणी मोजत नाही. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच घेऊन तो सूत्रातून काढतात. 2021 च्या सूत्रात 36 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.1 घातलं तर उत्तर 89 येतं, 1.4 घातलं तर 67. म्हणजे दादांच्या किडनीकडे कोणी डोकावून पाहिलेलं नाही. एका आकड्यावरून दुसरा आकडा निघाला आहे, आणि पहिला फुगला असेल तर दुसरा पडणारच.

तुम्ही सांगलीचे, म्हणून गळीत हंगामातलं उदाहरण देते. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लांबली, तर ऊस आत ओढणारी गव्हाण मंदावली असेल किंवा त्या आठवड्यात तोडच जास्त झाली असेल. नुसती रांग बघून कारण कळत नाही. क्रिएटिनची पावडर घेतली की स्नायूंतला साठा वाढतो, साठा वाढला की कचराही थोडा जास्त पडतो. तोड वाढली, गव्हाण तशीच. निरोगी माणसांनी नेहमीच्या मात्रेत क्रिएटिन घेऊन त्यांच्या किडनीला इजा झाल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आत्यांना एवढं आजच सांगा.

पण दादांना वेगळं सांगायचं आहे. पावडरीने क्रिएटिनिन वाढतं ते बहुतेकांत थोडंच, काहींत तर वाढतही नाही. 1.1 चं थेट 1.4 झालं असेल तर सगळं खापर पावडरीवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री चिकन-मटण झालं होतं का? शिजवलेल्या मांसातून तयार क्रिएटिनिनच पोटात जातं आणि काही तास रक्तात दिसतं. आदल्या दिवशी जिममध्ये पायांचा जबर व्यायाम झाला होता का? उपाशीपोटी यायचं म्हणून पाणीही घेतलं नव्हतं का? आणि हा प्रश्न जिमवाल्यांना मी हमखास विचारते: खांदा दुखतो, कंबर धरते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर मला पावडरीपेक्षा त्या गोळ्यांची काळजी वाटते.

म्हणून त्यांनी असं करावं. पावडर बंद, चार ते सहा आठवडे. साठा मूळ पातळीला यायला तेवढा वेळ लागतो. मग पुन्हा तपासणी. तिच्या आधी दोन दिवस जड व्यायाम नको, आदल्या दिवशी मांसाहार नको, पाणी नेहमीसारखं प्यायचं. रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायचं. रिपोर्टावर त्याचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर लिहून येतं. शिवाय रक्तदाब आणि साखर. क्रिएटिनिन खाली आलं, लघवीत अल्ब्युमिन नाही, रक्तदाब ठीक, तर विषय मिटला. ते खाली आलं नाही, किंवा लघवीत अल्ब्युमिन सापडलं, तर क्रिएटिनचा वाद बाजूला ठेवून किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं. महिनाभर थांबणं जमत नसेल तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी आहे. महाग पडते, पण ती स्नायूंच्या साठ्यावर बेतलेली नाही. तीही रांगच, पण तोड वाढली म्हणून लांबणारी नव्हे.

हे मी शहाणपणाने सांगत असले तरी माझ्या हातून उलटं झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण 1.5 क्रिएटिनिन घेऊन आला. मी घाबरले, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला, वर "डाळी कमी कर" म्हणून सांगितलं. पोरगा तीन आठवडे भाताच्या पेजेवर राहिला. मग त्याची आई सहज बोलून गेली, "तो डब्यातलं पांढरं पण बंद करू का?" मी विचारलंच नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ते औषध नव्हतं. तेव्हापासून रक्त द्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पावडर घेत असाल तर फॉर्मवर तसं लिहा. विम्याच्या तपासणीआधी तर नक्की.

आता तुमची खुर्ची.

क्रिएटिन स्नायूत बसून काय करतं ते पाहिलं की तुमच्या वादातला मोठा भाग आपोआप सुटतो. स्नायू आकसायला एटीपी नावाचं इंधन लागतं आणि ते स्नायूत जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरतं असतं. एकदम जोर लावला की ते संपतं, आणि फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन ते क्षणात परत भरून देतं. ही उसनवारी साधारण दहा सेकंद चालते. तालमीत ढाक मारताना लागतो तो झटका, जड वजन छातीवरून वर ढकलायच्या शेवटच्या दोन खेपा, धावत जाऊन सुटणारी गाडी पकडणं, हे सगळं या दहा सेकंदांतलं. त्यानंतर काम साखर आणि चरबी जाळून चालतं. व्हाउचरवर शिक्के मारणं, स्क्रीनवर बेरजा ताडून बघणं, फोनवर थकबाकीदाराशी हुज्जत घालणं यात तो दहा सेकंदांचा साठा कधी उघडतच नाही. तुमच्या दिवसातला सगळ्यात मोठा झटका म्हणजे मार्चअखेरीला दप्तरांचं गाठोडं वरच्या फळीवर टाकणं, असा माझा अंदाज. त्यासाठी निसर्गाने दिलेला साठा पुरेसा आहे.

तालमीतल्या वस्तादांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण हिशेब पक्का होता. बदाम-तुपाचा खुराक पोराला मिळायचा तो जोर-बैठकांचा आकडा बघून. क्रिएटिनचंही तसंच आहे. ते स्वतः स्नायू बांधत नाही, शेवटच्या दोन खेपा जास्त मारू देतं. त्या जादा खेपांमुळे आठवड्यांनी स्नायू वाढतो. खेपाच नसतील तर जादा खेपा कुठून येणार?

मग दादांच्या ऑफिसातल्या त्या गृहस्थाचं आठवड्यात काय वाढलं? पाणी. क्रिएटिन स्नायूच्या पेशीत शिरतं तेव्हा सोबत पाणी ओढून नेतं. पहिल्या आठवड्यात मोठे डोस घेतले तर एक-दीड किलो वजन सहज वाढतं. आणि जिममधलं ते मशीन, ज्यावर अनवाणी उभं राहून दांड्या धरायच्या असतात, ते अंगातून हलका विद्युतप्रवाह सोडून पाण्यावरून स्नायूंचा अंदाज काढतं. पाणी वाढलं की ते 'मसल' वाढल्याचं छापतं. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. तिथे व्यायाम सुरू करण्याआधी लोकांना आठवडाभर नुसतं क्रिएटिन दिलं होतं. त्या आठवड्यात चरबीविरहित वजन सरासरी अर्धा किलो वाढलं. मग 12 आठवडे व्यायाम झाल्यावर क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे सारखेच वाढले होते. त्यावरून क्रिएटिन निरुपयोगी असं मी म्हणणार नाही, कारण फायदा दाखवणाऱ्या चाचण्याही पुष्कळ आहेत. पण पहिल्या आठवड्याच्या छापील कागदाला भुलायचं नाही एवढं त्यातून दिसतं.

शाकाहाराच्या मुद्द्यावर दादा निम्मे बरोबर आहेत, आणि मांसाच्या मुद्द्यावर तुम्ही चूक. 1832 साली शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य मांसातून वेगळं काढलं, नावही मांसाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. तुमचा समज कदाचित तिथून आला असेल. आज डब्यात येणारी पावडर मात्र सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून कारखान्यात बनते. त्यात जनावराचा संबंध नाही. मांसातून काढायचं म्हटलं तर तीन-चार ग्रॅमसाठी जवळजवळ किलोभर मटण लागेल, कोणाला परवडणार? माळेला बाधा येईल ती कॅप्सूलमुळे, कारण तिचं कवच जिलेटिनचं असू शकतं. साधी पावडर, घटकांत फक्त 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' आणि शेजारी हिरवा ठिपका, एवढं वेष्टनावर बघा.

शाकाहाराचं असं, की शरीर स्वतः रोज ग्रॅमभर क्रिएटिन बनवतं. मांस-मासे खाणाऱ्याला आणखी सुमारे ग्रॅमभर ताटातून मिळतं. तुम्हाला ते जवळजवळ शून्य, दुधातून नाममात्र. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा कमी असतो आणि पावडर घेतली की तो भरतोही जास्त. पण साठा कमी म्हणजे आजार नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पायी वारी करणाऱ्यांचे पाय काही त्यावाचून थांबले नाहीत.

ताटातून न मिळाल्याने जे खरोखर अडतं ते दुसरंच, आणि तुमच्या पत्रातल्या 'मरगळ' या शब्दाशी मी जास्त वेळ थांबले ते त्यासाठी. जीवनसत्त्व बी-12. वनस्पतींत ते नसतं. अंडंही न खाणाऱ्या घरात दूध-दही बेताचं असेल तर ते हळूहळू कमी होत जातं. दुपारी गळून जाणं, हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत लाल होणं, नाव ओठांवर असून न आठवणं. तीन हजारांचा डबा विकत घेतलेली आणि बी-12 ची साधी तपासणी कधीच न केलेली माणसं मी आठवड्याला बघते. तुम्ही बी-12, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि उपाशीपोटीची साखर करून घ्या. सगळं ठीक निघालं तर जेवणाचा डबा उघडून बघू: तीन पोळ्या, वर भात, आणि जेवून उठल्याबरोबर परत खुर्ची, तर साडेतीनला डोळे मिटणारच. जेवणानंतर दहा मिनिटं बँकेपर्यंत चालून या. त्या वेळी रक्तात चढणारी साखर चालणारे पाय ओढून घेतात. क्रिएटिन हे काम करत नाही.

'डोकं चालेल' याबद्दल थोडक्यात. मेंदूही क्रिएटिन वापरतो, आणि झोप न झालेल्या लोकांत किंवा वयस्करांत थोडा फायदा दिसलेल्या चाचण्या आहेत. पण युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने 2024 मध्ये सगळा पुरावा तपासला आणि क्रिएटिनने बुद्धीचं काम सुधारतं हा दावा सिद्ध झाला नाही असंच ठरवलं. रात्री बारापर्यंत मोबाइल बघणाऱ्याने पावडर शोधू नये. तुम्ही बघता असं पत्रात नाही, पण मला शंका आहे.

तर खणातला डबा लगेच उघडू नका. आधी सहा आठवडे आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं, स्नायूंना खरा ताण पडेल असं काहीतरी करा. जिम नको असेल तर घरीच: बैठका, भिंतीला किंवा ओट्याला टेकून जोर, आणि पाण्याने भरलेल्या दोन कळशा किंवा धान्याची पिशवी उचलून ठेवणं. प्रत्येक प्रकारात शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर ताण पडलाच नाही. आकडे वहीत लिहा. हिशेबाला असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात 14 बैठकांवर पाय थरथरले, सहाव्यात 25 वर थरथरतात, असं काहीतरी दिसेल. ती वाढ निव्वळ मेहनतीची.

सहा आठवडे टिकलात आणि पुढे चालू ठेवायचं मनात असेल तर क्रिएटिनचा विचार करायला माझी हरकत नाही. मात्र सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून कागद जपून ठेवा. दादांकडे तो आधीचा कागद असता तर आत्यांचे अश्रू वाचले असते. उच्च रक्तदाब, मधुमेह, मुतखडा किंवा किडनीचा काही इतिहास असेल, किंवा रोजच्या गोळ्या चालू असतील, तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मात्रा रोज 3 ग्रॅम. डब्यावर पहिला आठवडा दिवसाला 20 ग्रॅम घ्या असं लिहिलेलं असतं. त्याने साठा आठवड्यात भरतो, 3 ग्रॅमने चार आठवड्यांत. तुम्हाला कुठली स्पर्धा मारायची नाही. एकावेळी दहा ग्रॅम पोटात गेले तर जुलाब होऊ शकतात, आणि तुम्ही दोघं ज्या गाडीत होता तिथे ते झाले असते तर हा वाद मनमाडलाही पोचला नसता. डब्यातला चमचा बहुधा 5 ग्रॅमचा असतो, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त भरायचा. गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, स्टीलच्या पेल्याच्या तळाला वाळूसारखी बसते आणि शेवटचा घोट दातांत करकरतो. कोमट पाणी घ्या आणि लगेच प्या. सकाळ की संध्याकाळ याने फरक पडत नाही, रोज घेण्याने पडतो.

मग ते लागू पडतंय का हे आरशात किंवा त्या मशीनवर नाही, वहीत बघायचं. वजन किलोभर वाढेल, ते पाणी, पँट घट्ट झाली म्हणून घाबरू नका. दोन महिन्यांनी बैठकांच्या शेवटच्या फेरीत दोन-तीन खेपा आधीच्या वेगापेक्षा जास्त वाढल्या असतील तर उपयोग होतोय. आकडे जागचे हलले नसतील तर बंद करा. काहींच्या स्नायूंवर ते फारसं चालत नाही. बंद केल्याने काही बिघडत नाही, महिना-दीड महिन्यात साठा पूर्वीसारखा होतो.

केस गळतात म्हणे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनमाडच्या आसपास तो निघाला असणार. 2009 मध्ये मोजक्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात एका संप्रेरकाची पातळी वाढलेली दिसली, केस त्यांनी मोजलेच नव्हते. तुमच्या टक्कलाचं खापर वडिलांकडच्या किंवा आईकडच्या घराण्यावरच फोडावं लागेल.

एक शेवटचं, त्या डब्याबद्दल. तो दादांनी आधीच फोडलेला असणार. तळाशी छापलेली मुदत बघा आणि झाकण घट्ट लावा, सांगलीच्या पावसाळ्यात पावडरीचे खडे होतात. खडे झाले तर फोडून वापरता येते, पण ओल लागून पिवळसर, वास येणारी झाली तर फेकून द्या. आणि दादांची दुसरी तपासणी झाली की आकडे कळवा. लघवीच्या अल्ब्युमिनचाही. नुसतं क्रिएटिनिन पाठवलंत तर मी पुन्हा तेच विचारेन.